प्रतीक्षाकाळ (वर्गातील प्रश्नोत्तरांतील)

शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर, तसेच विद्यार्थ्याने उत्तर दिल्यावर, पुढचे कोणीतरी बोलेपर्यंत जी शांतता राहते, तिला अध्यापनशास्त्रात प्रतीक्षाकाळ म्हणतात. काही लेखक ‘विचारकाळ’ असा शब्द वापरतात. पहिल्या शांततेला प्रतीक्षाकाळ १ आणि दुसरीला प्रतीक्षाकाळ २ म्हणण्याची रीत आहे. प्रश्न ऐकणे, त्याचा अर्थ लावणे, आठवणे, वाक्य जुळवणे आणि चारचौघांत ते उच्चारण्याचे धाडस करणे, एवढे सगळे मुलाला या वेळात उरकायचे असते.

या संकल्पनेचे श्रेय मेरी बड रो (१९२५–९६) या अमेरिकन विज्ञानशिक्षणतज्ज्ञ महिलेला दिले जाते. प्राथमिक विज्ञानाचा एक नवा, प्रयोगांवर आधारलेला अभ्यासक्रम अमेरिकेत राबवला जात होता, तेव्हा त्यांनी वर्गांतील संभाषणाच्या ध्वनिफिती गोळा केल्या. साहित्य हातात असूनही मुले एकेका शब्दात का बोलतात, हा त्यांचा प्रश्न होता. फितींवरील शांतता मोजल्यावर कारण हाती लागले. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी १ सेकंद थांबत होते आणि उत्तरानंतर त्याहूनही किंचित कमी. याविषयीचे त्यांचे पहिले लेखन १९६९ चे असून सविस्तर मांडणी १९७४ मधील दोन लेखांत आहे.

प्रारंभाबद्दल मात्र मतभेद संभवतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे छोट्या पाठातून एकेका अध्यापनकौशल्याचा सराव करण्याचे, तंत्र आकाराला आले. त्यातील कौशल्यांच्या यादीत ‘शिक्षकाचे मौन व अशाब्दिक संकेत’ हे एक स्वतंत्र कौशल्य होते. हीच परंपरा पुढे शिक्षणतज्ज्ञ बी. के. पासी यांच्या कामातून (१९७६) भारतात रुजली. आपल्याकडच्या बी.एड.च्या पाठांत ‘चेतक बदल’ या कौशल्याखाली ‘विराम’ हा घटक येतो, तो याच वाटेने. त्यामुळे आपल्या शिक्षकांना प्रतीक्षाकाळ आधीपासूनच ठाऊक आहे, असे कधी कधी म्हटले जाते. परंतु दोन्हींचा हेतू वेगळा आहे. चेतक बदलातील विराम वर्गाचे लक्ष वेधण्यासाठी असतो. शिक्षक बोलता बोलता थांबतो, माना वर होतात आणि तोच पुढे बोलू लागतो. प्रतीक्षाकाळातील शांतता संपवण्याचा हक्क मुलांकडे असतो. शांतता हे कौशल्य म्हणून आधी नोंदले गेले असेलही. पण तिचे मोजमाप करून मुलांच्या बोलण्याशी तिचा संबंध दाखवण्याचे काम रो यांचेच मानणे अधिक सयुक्तिक ठरते. विराम शिकलेला शिक्षक प्रतीक्षाकाळ पाळतोच असे नाही, हे पाठनिरीक्षण करणाऱ्या कोणालाही पटेल.

रो यांच्या प्रयोगात शिक्षकांनी दोन्ही शांतता ३ सेकंदांपर्यंत किंवा पुढे नेल्या, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली. ही वाढ ३०० ते ७०० टक्क्यांपर्यंत असल्याचे त्यांनी १९८६ मध्ये नमूद केले आहे. ‘माहीत नाही’ आणि गप्प बसणे कमी झाले, मुले आपणहून बोलू लागली, एकमेकांचे ऐकून त्याला जोडून बोलू लागली आणि ‘असं वाटतं, कारण…’ या घाटाची वाक्ये वाढली. त्यांचे आणखी एक निरीक्षण अधिक बोचणारे आहे. शिक्षकांनी ज्यांना वर्गातली हुशार पाच मुले म्हटले, त्यांना उत्तरासाठी सुमारे २ सेकंद मिळत होते. ज्यांना कच्ची पाच मुले म्हटले, त्यांना १ सेकंदही मिळत नव्हता. ज्याला वेळ जास्त लागतो त्यालाच तो कमी मिळे, आणि हे करताना शिक्षकांच्या मनात दुजाभाव असेच असे नाही. कच्च्या मुलाची फजिती होऊ नये म्हणूनही घाईने पुढे सरकले जाते.

प्रतीक्षाकाळ कोठून कोठवर मोजायचा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. प्रश्नानंतरची शांतता तुलनेने सरळ मोजता येते, कारण प्रश्नाचे शेवटचे अक्षर हा तिचा आरंभ. पण शिक्षक ‘पाणी कुठून आलं? हं? सांगा. कुठून आलं असेल?’ असे म्हणाला, तर घड्याळ कोणत्या अक्षरापासून लावायचे? शेवटच्या प्रश्नापासून मोजले तर आधीची कुरतडलेली शांतता हिशेबात येत नाही. दुसऱ्या शांततेची अडचण याहून मोठी. मूल सलग बोलत नाही. दोन शब्द बोलते, अडखळते, पुन्हा बोलते. रो यांनी शिक्षक बोलेपर्यंत मुलांच्या बाजूला पडलेले सगळे विराम एकत्र करून प्रतीक्षाकाळ २ काढला. पुढच्या काही संशोधकांनी त्याऐवजी शांतता कोणी मोडली यावरून वर्गवारी केली. शिक्षकाने बोलण्याआधीची ती शिक्षकाची शांतता, विद्यार्थ्याने बोलण्याआधीची ती विद्यार्थ्याची. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणूनच धोक्याचे ठरते. वर्गात उपयोग करायचा तर रो यांची पद्धत बरी वाटते, कारण तिच्यात अडखळणे हे उत्तराचाच भाग धरले जाते. रॉबर्ट स्टाल यांनी १९८५ च्या सुमारास ‘विचारकाळ’ हा शब्द पुढे केला. नुसती शांतता महत्त्वाची नसून तिच्यात विचार घडला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता.

दोन शांततांपैकी दुसरी अधिक परिणामकारक आहे आणि पाळायला अवघडही. ती कशी मोडते, हे पुढील नमुन्यावरून लक्षात येईल. सहावीच्या वर्गात टेबलावर बर्फ घातलेल्या पाण्याचा स्टीलचा ग्लास आहे. बाहेरून थेंब जमले आहेत. बाई विचारतात, ‘हे बाहेरचं पाणी कुठून आलं असेल?’ एक मुलगी म्हणते, ‘पाझरलं.’ नेहमीच्या वर्गात पुढचे वाक्य लगेच येते : ‘नाही, पाझरलं नाही. कोण सांगेल? हवेत काय असतं? वा…?’ आणि सगळा वर्ग एका सुरात, ‘वाफ!’ पाठ पुढे गेला, पण पाझरण्याची कल्पना त्या मुलीच्या डोक्यात तशीच राहिली.

आता बाई ‘पाझरलं’ ऐकून मान हलवतात आणि गप्प राहतात. दोन सेकंदांनी तीच मुलगी म्हणते, ‘माठातनं पाझरतं ना, तसं.’ तिचे उत्तर आता नुसते चूक राहिले नाही. त्याचे कारण दिसले आणि ते कारण तिच्या घरातल्या खऱ्या अनुभवाचे आहे. बाई अजूनही बोलत नाहीत. चार सेकंद जातात. मागून एक मुलगा म्हणतो, ‘पण माठ मातीचा असतो. स्टीलला भोकं कुठायत?’ आणखी शांतता. मग तिसरा : ‘बर्फ नसला की ग्लास बाहेरनं कोरडाच असतो.’ पहिली मुलगी परत बोलते, ‘मग आत सरबत घालून बघू. बाहेर लाल आलं तर पाझरलं.’ प्रयोगाची कल्पना मुलांकडून आली. सगळा मामला एका मिनिटाच्या आतबाहेरचा. बाईंनी केले ते इतकेच की त्यांनी उत्तरावर निकाल दिला नाही, ते उत्तर स्वतः पुन्हा उच्चारले नाही आणि ‘शाब्बास’ म्हटले नाही.

शेवटच्या गोष्टीचे अनेकांना आश्चर्य वाटते. आपल्या सूक्ष्म अध्यापनात ‘प्रबलन’ हे कौशल्य म्हणून गुण मिळवून देते, आणि ‘छान’, ‘अगदी बरोबर’ असे शब्द त्यात मोजले जातात. रो यांना मात्र असे दिसले की वारंवार आणि झटपट दिलेली शाबासकी संभाषण बंद करते. पहिल्याच मुलाला ‘अगदी बरोबर’ मिळाले की बाकीच्यांना बोलण्याचे कारण उरत नाही, आणि मुले ग्लासाकडे पाहण्याऐवजी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात. मुलाचे उत्तर शिक्षकाने मोठ्याने परत म्हणण्याची सवयही याच जातीची. मागच्या बाकापर्यंत पोचावे म्हणून ती लागते, पण तिच्यामुळे मुले एकमेकांचे ऐकणे सोडतात. बाई परत म्हणतीलच हे त्यांना ठाऊक असते.

३ सेकंदांच्या आकड्याला मर्यादा आहेत. सरळ आठवणीच्या प्रश्नांना, उदाहरणार्थ पाढे किंवा जिल्ह्यांची नावे, लांब शांतता उपयोगाची नाही. तिथे लय मोडते आणि वर्ग चुळबुळतो. विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरील १९९४ च्या एका अभ्यासात शांतता ६ सेकंदांपर्यंत वाढवूनही फायदा आढळला नाही. प्रश्नच कळला नसेल, तर दहा सेकंद थांबूनही काही हाती लागत नाही. हा फरक चेहऱ्यांवरून ओळखता येतो. विचार करणाऱ्या मुलाची नजर छताकडे, वहीकडे किंवा ग्लासाकडे असते, ओठ हलतात. प्रश्न न समजलेली मुले शेजाऱ्याकडे पाहतात. अशा वेळी प्रश्न एकदाच, सोपा करून विचारावा आणि पुन्हा पहिल्यापासून थांबावे.

जेनी इंग्रॅम आणि व्हिक्टोरिया इलियट यांनी (२०१४, २०१६) या विषयाकडे संभाषणविश्लेषणाच्या अंगाने पाहिले. त्यांच्या मते शांतता किती लांबते यापेक्षा त्या क्षणी बोलण्याची पाळी कोणाची आहे हे महत्त्वाचे. रोजच्या बोलण्यात एक सेकंदाची शांतताही अडचणीची खूण मानली जाते, म्हणून शिक्षक ती नकळत भरून काढतो. नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नानंतरची शांतता त्या एका मुलाच्या अंगावर येते. नाव न घेता विचारलेल्या प्रश्नानंतरची सगळ्या वर्गात वाटली जाते. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाला ही दृष्टी नुसत्या सेकंदांच्या हिशेबापेक्षा जास्त उलगडा करणारी वाटते. आधी प्रश्न, मग शांतता आणि शेवटी नाव, या क्रमामागचे कारण तिच्यामुळे स्पष्ट होते. ‘राहुल, सांग, पाणी कुठून आलं?’ असे म्हटले की ‘राहुल’ ऐकताच बाकीचा वर्ग सुटतो.

इंग्लंडमधील मूल्यमापनविषयक कामात (ब्लॅक, विल्यम आणि सहकारी, २००३) याला जोडून हात वर न करण्याचा नियम आला. पहिला हात वर गेला की इतरांचा विचार थांबतो, असे त्यामागचे निरीक्षण होते. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘विचार करा, जोडीदाराला सांगा, वर्गाला सांगा’ ही पद्धत मोठ्या वर्गांत जास्त चालते. साठ मुलांच्या वर्गात तीन सेकंद शांतता टिकवणे कठीण, पण शेजाऱ्याला कुजबुजून सांगायला एक मिनिट देता येते.

प्रतीक्षाकाळ तपासण्याची साधी रीत म्हणजे स्वतःच्या तासाची दहा मिनिटे फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकणे. आपण भरपूर थांबलो असे शिक्षकाला वाटते, कारण फळ्यासमोर उभ्या माणसाला एक सेकंद लांब भासतो. आपलेच दोन प्रश्न एकमेकांना चिकटून आले, मुलाच्या शेवटच्या अक्षरावर आपला आवाज चढला किंवा उत्तरे एकशब्दी व एकसुरात आली, तर प्रतीक्षाकाळ पाळला गेलेला नाही.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली व पावरी बोलणारी मुले मराठी माध्यमाच्या वर्गात बसतात. त्यांना उत्तर सुचणे आणि ते प्रमाण मराठीत मांडणे अशी दोन कामे करावी लागतात. शेजाऱ्याला आधी घरच्या भाषेत सांगू दिले, तर पहिले काम उरकून मूल दुसऱ्यासाठी मोकळे होते.