एमसीबीचे तापणे आणि निर्धारित प्रवाहाआधी ट्रिप होणे

घरगुती वीजवाटपाच्या पेटीतील, म्हणजे डीबीतील एमसीबी, अर्थात जादा प्रवाहाला आपोआप वीज तोडणारा खटका, हाताला चटका बसेल इतका तापतो आणि त्यावर छापलेल्या प्रवाहापेक्षा कमी भारावरच खाली पडतो, तेव्हा दोष बहुधा सैल टर्मिनलात किंवा झिजलेल्या अंतर्भागात असतो. एमसीबीमधील द्विधातूची पट्टी प्रवाह मोजत नाही; तिला फक्त उष्णता कळते. पट्टी तापून वाकली की खटका सुटतो, मग ती उष्णता कुठूनही आलेली असो.

समजा, २० अँपिअरच्या एमसीबीवर ३ किलोवॅटचा गीझर आहे. २३० व्होल्टला तो सुमारे १३ अँपिअर घेतो. एवढ्या प्रवाहाला चांगल्या एमसीबीत दोन वॅटांहूनही कमी उष्णता निर्माण होते. पण टर्मिनलचा स्क्रू ढिला पडून तिथे ०.०५ ओहम एवढा जरी रोध आला, तरी त्या एका ठिकाणी साडेआठ वॅट उष्णता तयार होते, तांब्यातून ती आतल्या पट्टीपर्यंत पोहोचते आणि पंधरा-वीस मिनिटांत गीझर बंद पडतो. क्लॅम्प मीटर मात्र १३ अँपिअरच दाखवतो, म्हणून गीझरवर विनाकारण संशय घेतला जातो. लगेच वर केलेला खटका टिकत नाही आणि थंड झाल्यावर टिकतो, ही उष्णतेमुळे झालेल्या ट्रिपची खूण आहे. शॉर्टसर्किट असेल तर तो तत्क्षणी पडतो.

दोष नेमका कुठे आहे, हे तापलेल्या जागेवरून बरेचसे कळते. एकाच टोकाशी वायरचे आवरण तपकिरी, कडक झालेले असेल आणि तांबे काळवंडलेले असेल, तर जोड सैल आहे. वायर पकडीच्या आत न जाता मागे गेलेली असणे किंवा स्क्रूखाली तांब्याऐवजी आवरण दाबले जाणे, ही त्यामागची नेहमीची कारणे होत. दोन्ही जोड घट्ट असूनही मधले अंगच तापत असेल, तर संपर्कबिंदू खड्डे पडून खराब झाले आहेत किंवा पट्टी वारंवारच्या ट्रिपमुळे कमकुवत झाली आहे. शेजारच्या तेवढ्याच क्षमतेच्या एमसीबीवर तोच भार टाकून पाहिल्यास शंका फिटते. मात्र एमसीबीवर छापलेला प्रवाह ३० अंश सेल्सिअसला धरून ठरवलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात, भार असलेले एमसीबी खेटून बसवलेल्या बंद डीबीत, निर्दोष एमसीबीही थोडा लवकर पडू शकतो.

दुरुस्ती मुख्य पुरवठा बंद करून, टेस्टरने खात्री केल्यावर वायरमननेच करावी. जळका जोड नुसता पुन्हा आवळून भागत नाही. वायर चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापून, बहुतारी असल्यास तिच्या टोकाला धातूची टोपी म्हणजे लग लावून नव्याने बसवावी लागते. टर्मिनलची पकड भाजली असेल किंवा अंतर्भाग झिजला असेल, तर एमसीबी बदलणे हाच उपाय उरतो. त्याजागी ३२ अँपिअरचा बसवणे धोक्याचे आहे, कारण वायर तीच राहते आणि सैल जोड आता अधिक वेळ, कोणी न अडवता तापत राहतो.