आव्यूह गुणाकार : पाककृती आणि दरांच्या सारण्यांतून परिचय

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आव्यूहांचा (मॅट्रिक्सचा) गुणाकार नियमाआधी अर्थातून समजावा, यासाठी वापरली जाणारी अध्यापनपद्धती. हिच्यात ‘ओळ गुणिले स्तंभ’ हा नियम सुरुवातीला सांगत नाहीत. विद्यार्थी आधी एक साधा हिशेब करतात आणि त्या हिशेबातून नियम स्वतः शोधतात.

आव्यूहांची बेरीज जागच्या जागी होते, त्यामुळे गुणाकारही तसाच होईल असे विद्यार्थ्यांना वाटते. ओळ आडवी आणि स्तंभ उभा का घ्यायचा, याचे कारण नुसत्या व्याख्येतून मिळत नाही. दोन सारण्या समोर ठेवल्या की ते मिळते. पहिलीत एका नगाला लागणारी मापे आहेत, दुसरीत दोन विक्रेत्यांचे प्रत्येक मापामागचे दर.

| | पीठ | साखर | लोणी |
|---|---|---|---|
| पाव | ५ | १ | १ |
| केक | २ | ३ | २ |

| | विक्रेता अ | विक्रेता ब |
|---|---|---|
| पीठ | ४ | ५ |
| साखर | ६ | ५ |
| लोणी | २० | १८ |

‘अ’कडून सामान घेतल्यास एका पावाला किती खर्च येईल, एवढेच विचारायचे. ५×४ + १×६ + १×२० = ४६ हे उत्तर कोणीही काढतो. ते काढताना बोट पहिल्या सारणीत आडवे आणि दुसरीत उभे फिरते; नियम तो हाच. ‘ब’कडून पाव ४८ला पडतो. केकचे आकडे ६६ आणि ६१ येतात, म्हणजे पावासाठी ‘अ’ स्वस्त, तर केकसाठी ‘ब’. या चार आकड्यांची सारणी म्हणजे गुणाकाराचे उत्तर. तिच्यात पदार्थ आणि विक्रेते उरले आहेत, घटक मात्र बेरजेत विरून गेले आहेत. पहिल्याचे स्तंभ आणि दुसऱ्याच्या ओळी संख्येने समान का असाव्या लागतात, हेही इथेच कळते: दोन्हीकडे घटकांची तीच यादी आहे.

आता मागणीची तिसरी सारणी घेऊ. शनिवारी १० पाव आणि ३ केक, रविवारी ६ पाव आणि ८ केक. शनिवारचा ‘अ’कडचा खर्च दोन वाटांनी निघतो. नगाचा खर्च आधी काढला असेल, तर १०×४६ + ३×६६ = ६५८. नाहीतर आधी सामानाची यादी करायची: पीठ ५६, साखर १९, लोणी १६ मापे; मग दर लावायचे: २२४ + ११४ + ३२० = ६५८. तीन आव्यूहांच्या गुणाकारात कंस कुठेही घातला तरी चालतो, हा साहचर्याचा गुणधर्म. चिन्हांतली त्याची सिद्धता दुहेरी बेरजांनी भरलेली असते. इथे तोच गुणधर्म ‘यादी आधी की नगाचा खर्च आधी’ एवढाच प्रश्न होऊन येतो, आणि या पद्धतीची खरी कमाई हीच आहे.

क्रम बदलण्याचा प्रयोगही जरूर करून घ्यावा. वरच्या उदाहरणात पदार्थ दोन आणि विक्रेतेही दोन असल्याने दरांची सारणी आधी ठेवूनही गुणाकार होतो आणि ३×३ आकाराचे उत्तर येते. त्यातल्या पीठाच्या ओळीत आणि साखरेच्या स्तंभात ४×१ + ५×३ = १९ हा आकडा मिळतो. तो पिठाचा दर आणि साखरेची मापे गुणून आलेला आहे, त्याला काही अर्थ नाही. आकार जुळणे पुरेसे नाही, मधल्या नावांची यादी जुळली पाहिजे, हे यातून दिसते. दरांच्या सारणीत साखर पिठाच्या वर लिहिली किंवा एका सारणीत ग्रॅम आणि दुसरीत किलो घेतले, तरी अशीच चूक होते. तेव्हा आकडेमोड अडत नाही, म्हणून चूक सहज लक्षात येत नाही. प्रत्येक उत्तरापुढे ‘कशाचे किती’ लिहायला लावणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे.

पद्धतीला मर्यादाही आहेत. जास्त माल घेतल्यावर दर उतरत असेल, तर दुप्पट मागणीला दुप्पट खर्च येत नाही आणि हिशेब आव्यूह गुणाकाराचा राहत नाही. हे उदाहरण मुद्दाम द्यावे, कारण रेषीयता म्हणजे काय ते त्यातून उमगते. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. इथे उलटा क्रम निरर्थक ठरतो. पण दोन्ही क्रम अर्थपूर्ण असूनही उत्तरे वेगळी येतात, हे सारण्यांतून दिसत नाही. त्यासाठी प्रतलातील परिवलन आणि परावर्तन यांकडे जावे लागते. गणितज्ञ आर्थर केली यांनी १८५८ मध्ये आव्यूहांवरील प्रबंधात गुणाकाराची व्याख्या केली ती एकामागून एक केलेल्या रेषीय रूपांतरणांवरूनच. मागणीपासून सामान आणि सामानापासून खर्च हीसुद्धा अशीच दोन रूपांतरणे असल्याने, पाककृतीवरून तिकडे वळताना विद्यार्थ्याला नवा नियम शिकावा लागत नाही.