काढ्यातले मिरे आणि गोळीचा डोस

दोन वर्षांपूर्वी आईचा थायरॉइडचा रिपोर्ट आला, टीएसएच ९.४. गोळी कमी पडली की हा आकडा चढतो. आदल्या खेपेला ३.१ होता. गोळी तीच होती, ७५ मायक्रोग्रॅमची, आणि एकही दिवस चुकलेली नव्हती. डॉक्टर डोस १०० वर न्यायच्या बेतात होते, पण लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" आई म्हणाली, "हळदीच्या दुधाबरोबर. नुसत्या पाण्याबरोबर घेतली तर अंगी कशी लागेल?"

आईचं हे वाक्य अडाणीपणाचं नव्हतं. त्यामागे फार जुनी आणि विचारपूर्वक घडलेली पद्धत आहे. तिला अनुपान म्हणतात. औषध ज्याच्याबरोबर किंवा ज्याच्यामागून घ्यायचं तो पदार्थ म्हणजे अनुपान: मध, तूप, दूध, कोमट पाणी, आल्याचा रस. एकच औषध अनुपान बदलून वेगवेगळ्या तक्रारींवर दिलं जाई. मधाला योगवाही म्हटलं जातं, म्हणजे ज्याच्यासोबत दिला त्याचा गुण पुढे नेणारा. आपल्याकडे खोकला झाला की सितोपलादी चूर्ण मधातून चाटवतात ते याच हिशोबाने. फक्त तिथे औषध आणि अनुपान, दोन्ही एकच वैद्य ठरवत असे. पुढे गोळी दवाखान्यातून येऊ लागली आणि अनुपान घरातून. गोळी देणाऱ्याला दुधाचा आणि दूध देणारीला गोळीचा पत्ता नाही, अशी स्थिती आज बहुतेक घरांत आहे.

दुधाच्या बाबतीत तर डॉक्टरांनाही ठेच लागूनच शिकावं लागलं. १९४८ पासून टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं बाजारात आली. ती घेतली की पोटात जळजळ व्हायची, म्हणून ती दुधाबरोबर घ्यायचा सल्ला दिला जाई. नंतर लक्षात आलं की दुधातलं कॅल्शियम या औषधाला पोटातच धरून ठेवतं. दोघांची न विरघळणारी जोडी होते आणि औषध रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडतं. लघवीच्या संसर्गावर सर्रास दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनचंही असंच होतं: दुधाबरोबर घेतल्यास रक्तात पोचणारं औषध साधारण एक तृतीयांशाने कमी होतं. मग ताप उतरत नाही, गोळी "लागू पडत नाही" असं म्हटलं जातं आणि आणखी कडक औषध सुरू होतं. आईच्या गोळीतलं थायरॉक्सिन तर मुळात रिकाम्या पोटीच नीट शोषलं जातं. दूध, चहा, नाश्ता यांतलं काहीही त्याच्या आड येतं. याउलट पॅरासिटामॉल किंवा अमॉक्सिसिलिन दुधाबरोबर गेल्याने काही बिघडत नाही. म्हणजे सगळ्या गोळ्यांना एकच नियम नाही.

दूध औषधाला अडवतं. मिरे नेमकं उलटं करतात, आणि त्याचा शोध आपल्याच देशात लागला.

सुंठ, मिरे, पिंपळी म्हणजे त्रिकटू. आयुर्वेदाच्या शेकडो औषधी योगांत ही तिघं असतात, रोग कोणताही असो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच गोष्टीने विचारात पाडलं. इतक्या निरनिराळ्या औषधांत हेच तीन पदार्थ पुन्हा पुन्हा का? कदाचित ते स्वतः रोग बरा करत नसतील, दुसऱ्या औषधाला शरीरात पोचवत असतील. तपासल्यावर मिरे आणि पिंपळीतलं पाइपरीन हे द्रव्य त्यामागे निघालं. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात औषधं मोडणारी यंत्रणा असते, ती पाइपरीनमुळे मंदावते. त्यामुळे एरवी मोडून फुकट गेलं असतं ते औषध रक्तात शिल्लक राहतं.

या शोधातून खरोखरची गोळी तयार झाली. जम्मूची ही प्रयोगशाळा आणि अहमदाबादची कॅडिला फार्मास्युटिकल्स यांनी मिळून क्षयरोगासाठी रायसोरिन नावाचं औषध आणलं. त्याला २००९ साली मान्यता मिळाली. एरवी क्षयावरचं रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅम द्यावं लागतं, इथे २०० मिलिग्रॅमसोबत अवघं १० मिलिग्रॅम पाइपरीन घातलं होतं. निम्म्याहून कमी औषधात काम होत होतं. मला या शोधाचा फार अभिमान वाटतो, आणि म्हणूनच त्याची दुसरी बाजूही सांगावीशी वाटते. मिऱ्याला डॉक्टरांनी ठरवलेला डोस कळत नाही. प्रयोगशाळेत मोजून रिफाम्पिसिनसाठी जे केलं, तेच तो घरात न मोजता दुसऱ्या एखाद्या गोळीचं करू शकतो.

जम्मूच्याच संशोधकांनी हे पुढे तपासलं होतं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निरोगी माणसांना सात दिवस रोज २० मिलिग्रॅम पाइपरीन दिलं. त्यानंतर दम्यावरचं थिओफिलिन आणि रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल या दोन्हींची रक्तातली पातळी वाढली. फिट्सवरच्या फेनिटॉइनबाबतही असंच आढळलं.

आता हे २० मिलिग्रॅम स्वयंपाकघराच्या भाषेत किती होतात ते पाहू. चांगल्या मिऱ्यात वजनाच्या साधारण पाच टक्के पाइपरीन असतं. म्हणजे २० मिलिग्रॅमसाठी सुमारे ०.४ ग्रॅम मिरे लागतात, दाणे मोजले तर आठेक. रायसोरिनमधलं १० मिलिग्रॅम म्हणजे चारेक दाणे. एका माणसाच्या काढ्यात आपण सहज इतके मिरे टाकतो. २०२० च्या एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने जो "आयुष क्वाथ" सुचवला, त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरे एक भाग होते. ३ ग्रॅम भुकटी १५० मिलिलिटर पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. हिशोब केला तर एका पेल्याला साधारण ०.३३ ग्रॅम मिरे, म्हणजे सहा-सात दाणे. प्रमाण नेमकं दिलेलं होतं. पण आमच्या सोसायटीत त्या उन्हाळ्यात मूठभर मिरे कुटून पातेलंभर काढा उकळत असे आणि घरातला प्रत्येक जण तो दिवसातून तीन-चार वेळा पीत असे.

तरीही गाळलेल्या काढ्यातून सगळं पाइपरीन पोटात जात नाही, कारण ते पाण्यात फारसं विरघळत नाही. बरंचसं गाळणीतल्या चोथ्यात राहतं. चूर्णाचं तसं नाही. मधातून चाटलेलं चूर्ण जसंच्या तसं पोटात जातं. सितोपलादीत खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची आणि दालचिनी १६:८:४:२:१ या प्रमाणात असतात. एकूण ३१ भागांपैकी ४ भाग पिंपळी, म्हणून ३ ग्रॅमच्या एका मात्रेत जवळजवळ ०.४ ग्रॅम पिंपळी जाते. म्हणून नेहमीची गोळी चालू असलेल्या माणसाने गाळलेल्या पेलाभर काढ्यापेक्षा दिवसातून तीनदा चाटलेल्या चूर्णाची जास्त दखल घ्यावी, असं मला वाटतं. अतिरेकाचा इशारा तर चरकसंहितेतच आहे. तिच्या विमानस्थान या भागात तीन पदार्थ जास्त प्रमाणात खाऊ नयेत असं सांगितलंय: पिंपळी, क्षार आणि मीठ. त्यात पहिलं नाव पिंपळीचं आहे.

"काढा आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. दुधाच्या बाबतीत अंतराचा उपयोग होतो, कारण तिथे दोघांची गाठ पोटातच पडते. एक पुढे सरकलं की भेट टळते. मिऱ्याचं काम आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात चालतं, आणि रोज घेतल्यास त्याचा परिणाम दिवसभर टिकू शकतो. तिथे तासांचं अंतर पुरत नाही.

बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत पातळी थोडी वर गेली तरी फारसं काही होत नाही. काळजी त्या थोड्या औषधांची, ज्यांच्या पुरेशा आणि घातक मात्रेत अगदी कमी अंतर असतं. फेनिटॉइनचंच घ्या. यकृत ते ठरावीक वेगानेच मोडू शकतं. ती मर्यादा गाठलेल्या माणसात आणखी जरासा अडथळा आला की पातळी थोडी न वाढता एकदम चढते. मग माणूस झोकांड्या खात चालतो, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे आणि ते काढा वाढवतात. थिओफिलिन जास्त झालं तर छातीत धडधड, हात थरथरणं, उलट्या. प्रोप्रॅनोलॉल जास्त झालं तर नाडी मंद आणि उठताना चक्कर. काढा किंवा चूर्ण सुरू केल्यानंतर आठवड्याभरात असं काही दिसलं तर गोळी मनाने कमी न करता चूर्ण थांबवावं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दोन्हींबद्दल सांगावं. प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस घेणाऱ्याने तर चूर्ण विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

हळदीचाही असाच हिशोब आहे. दुधातल्या अर्ध्या चमचा हळदीत, म्हणजे सुमारे दीड ग्रॅममध्ये, करक्युमिन हे हळदीतलं मुख्य द्रव्य साधारण ४५ मिलिग्रॅम असतं आणि त्यातलं फार थोडं रक्तात पोचतं. हळदीचं एक कपभर दूध बहुतेकांना निर्धास्त पिता येतं. बाजारातली कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे. तिच्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास करक्युमिन आणि ते शोषलं जावं म्हणून वर पाइपरीन असतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये दिसलं होतं की २० मिलिग्रॅम पाइपरीन सोबत दिलं तर करक्युमिनचं शोषण वीसपट होतं. न्यूझीलंडमध्ये रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्या एका रुग्णाने हळदीचं असं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दहाच्या वर गेला. हा आकडा सहसा दोन ते तीनमध्ये ठेवायचा असतो. हिरड्यांतून रक्त, विनाकारण निळे-काळे डाग, काळी शौच ही त्याची लक्षणं. वॉरफरिन चालू असेल तर हळदीची कॅप्सूल नकोच. काढा रोज घ्यायचा झाला तर सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा आयएनआर पुन्हा तपासून घ्यावा.

काढ्यातल्या ज्येष्ठमधाबद्दलही सांगायला हवं. १९४६ साली नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाचे डॉक्टर पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क देत होते, तेव्हा काही रुग्णांचे पाय आणि चेहरा सुजल्याचं त्यांना दिसलं. ज्येष्ठमध शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं. त्यामुळे रक्तदाबाची गोळी चालू असताना आठवडेच्या आठवडे ज्येष्ठमध घेतलं तर दाब आटोक्यात येत नाही. सोबत लघवीची गोळी असेल तर पोटॅशियम आणखी उतरतं. घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळण्याने असं काही होत नाही.

मधाची गोळ्यांशी फारशी गाठ पडत नाही. मधुमेह असेल तर मध साखरेतच मोजावा. आणि गोळी कुटून बाळाला मधातून चाटवायची पद्धत वर्षाच्या आतल्या बाळासाठी पूर्ण बंद करावी, कारण मधात बोट्युलिझम ही विषबाधा करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ते रुजतात.

आईचा डोस त्या दिवशी वाढवला नाही. गोळी सकाळी सहाला पाण्याबरोबर, चहा सातला, कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणानंतर आणि हळदीचं दूध रात्री साडेनऊला, असं ठरलं. दोन महिन्यांनी टीएसएच ३.४ आला, त्याच ७५ च्या गोळीवर.