लिमिट 20 लाखांची, मग चेक परत का आला?

नमस्कार मंडळी, आपल्या ऑफिसात जीएसटी आणि हिशोबाची कामं घेऊन येणाऱ्या सगळ्यांसाठी हा कागद.

गेल्या महिन्यात आम्हाला एक पत्र आलं, हाताने लिहिलेलं, पाठपोट. लिहिणारे बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. म्हणतात, "घरी पेपर वाचून वाचून कंटाळलो, आठवड्यातून दोन दिवस तुमच्याकडे बसतो. पण मी लोन मंजूर करून देतो असं कुणाला सांगू नका, आणि मला लोनवर टक्केवारी नको, बसण्याचे ठरवून काय ते द्या." टक्केवारीचं वाचलं आणि आम्ही लगेच हो म्हटलं.

ते मुख्य बघणार तुमचं सीसी खातं. पहिल्याच दिवशी आपले एक फॅब्रिकेशनवाले आले, लिमिट 20 लाख, उचललेत 19, तरी 50 हजारांचा चेक परत आला म्हणून वैतागलेले. साहेबांनी स्टॉक स्टेटमेंट मागितलं आणि पाठकोऱ्या कागदावर मांडलं. माल 18 लाखांचा, पण त्यातले 6 लाख सप्लायरचे द्यायचे बाकी, म्हणजे स्वतःचा माल 12 लाखांचा, त्यावर 25 टक्के मार्जिन गेलं की राहिले 9. येणं 16 लाख, त्यात 4 लाख 90 दिवसांच्या वरचं, ते बँक धरतच नाही, उरलेल्या 12 लाखांवर त्यांच्या बँकेचं मार्जिन 40 टक्के, म्हणजे 7 लाख 20 हजार. बेरीज 16 लाख 20 हजार. याला म्हणतात ड्रॉइंग पॉवर, आणि लिमिट किंवा हे, जे कमी असेल तेवढंच उचलता येतं. म्हणजे शिल्लक कसली, खातं आधीच 2 लाख 80 हजारांनी वर गेलेलं! मार्जिन प्रत्येकाचं वेगळं असतं, सँक्शन लेटरमध्ये बघा (ते कपाटात कुठेतरी असेलच).

आता काहीजण स्टेटमेंटमध्ये माल फुगवून लिहितात. साहेब ते करून देणार नाहीत, आम्हीही नाही, कारण बँकेचा माणूस गोडाऊन बघायला येतो आणि तोच आकडा तुमच्या बॅलन्सशीटशी लावला जातो. उपाय साधा आहे, जुनी उधारी वसूल करा, चार लाखांतले जेवढे येतील तेवढे थेट खात्यात भरा.

दुसरी चूक म्हणजे स्टेटमेंटच न देणं. ते तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं की त्यावर उचललेली रक्कम अनियमित धरतात, आणि तसंच सलग 90 दिवस चाललं तर धंदा व्यवस्थित चालू असूनसुद्धा खातं एनपीए होतं. व्याज वेळेवर भरतोय की, हे तिथे चालत नाही.

साहेब मंगळवारी आणि शनिवारी 11 ते 2 बसतील. येताना सँक्शन लेटर, शेवटची दोन स्टॉक स्टेटमेंट आणि उधारीची तारखेसकट यादी आणा, नुसतं पासबुक आणलंत तर परत पाठवतात, सांगून ठेवतो.