एडीएफ चाचणीचा तक्ता वाचताना: कल घ्यायचा का, लॅग किती ठेवायचे

आमच्या अहवालाला एडीएफ, म्हणजे ऑगमेंटेड डिकी-फुलर, या युनिट रूट चाचणीचा मूळ आउटपुट जोडलेला असतो. तो पाहून सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न असा: “z.lag.1 समोर ०.००३७ दिसतंय, म्हणजे मालिका स्थिर आहे ना?” नाही. तो आकडा इथे लागूच होत नाही. का, ते समजायला चाचणीआधी घेतलेले दोन निर्णय माहीत हवेत. खाली नमुन्यादाखल तयार केलेली एक मासिक मालिका घेतली आहे: १६० निरीक्षणे, लॉग घेतलेली, आलेखात सरळसरळ वर चढत जाणारी.

चाचणी विचारते ते इतकेच: या महिन्यातला बदल मागच्या महिन्याच्या पातळीवर अवलंबून आहे का? पातळी वर गेल्यावर पुढचा बदल तिला खाली ओढत असेल, तर पातळीचा सहगुणक ऋण येतो आणि मालिका स्थिर म्हणता येते. सहगुणक शून्य असेल, तर एकदा बसलेला धक्का कायमचा मुरतो. हेच युनिट रूट, आणि शून्य गृहीतकही हेच.

आधी कल

मालिका स्थिर निघाली तर ती कशाभोवती स्थिर असेल, हे आधी ठरवावे लागते. वर चढणारी मालिका एका आडव्या रेषेभोवती स्थिर असूच शकत नाही. अशा मालिकेला समीकरणात नुसते स्थिर पद, म्हणजे काळानुसार न बदलणारा एक आकडा, दिले तर चाचणीसमोर खरा पर्यायच राहत नाही. मालिका कलाभोवती अगदी शिस्तीत फिरत असली, तरी उत्तर “युनिट रूट नाकारता येत नाही” असेच येते. आपल्या मालिकेवर नुसत्या स्थिर पदासह चाचणी केली तर मूल्य −०.६४ येते, आणि त्यावरून काहीच कळत नाही.

उलट, आडव्या मालिकेला विनाकारण कल दिला तर निर्णायक मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली गेल्यावरच युनिट रूट नाकारतात तो आकडा, आणखी खाली सरकते (५ टक्के पातळीवर सुमारे −२.८८ वरून −३.४३) आणि चाचणीची ताकद घटते. म्हणून आम्ही आलेख पाहून ठरवतो: चढ किंवा उतार दिसला तर कल आणि स्थिर पद दोन्ही, मालिका आडवी पण शून्यापासून दूर असेल तर फक्त स्थिर पद. दोन्ही वगळण्याचा पर्याय सरासरी शून्यच असणार हे आधीपासून माहीत असेल तेव्हाच. तिन्ही प्रकार चालवून सोयीचे उत्तर उचलणे आम्ही टाळतो.

मग लॅग

समीकरणात मागच्या बदलांची पदे, म्हणजेच लॅग, घालतात, कारण समीकरणाला न पकडता आलेल्या भागात, म्हणजे अवशेषांत, स्वसहसंबंध उरला तर छापील निर्णायक मूल्ये लागू राहत नाहीत. किती पदे पुरतील, हे मालिकेच्या स्वभावावर अवलंबून असते.

मासिक आकड्यांत मोजणीची गडबड बरीच असते. एखाद्या महिन्याचा आकडा चुकून जास्त नोंदला गेला, तर पुढच्या महिन्यात तो आपोआप खाली येतो. लॅग कमी असतील तर चाचणी या उतरण्यालाच “मालिका मूळ जागी परतते” असे समजते आणि युनिट रूट असूनही नाकारते. श्वर्ट यांनी १९८९ मध्ये सिम्युलेशनने हाच दोष दाखवला. कमाल लॅगसाठीचे त्यांचे सूत्रही वापरात आहे: १२ गुणिले (T/१००) चे चतुर्थ मूळ, अपूर्णांक सोडून; T म्हणजे निरीक्षणांची संख्या. १६० निरीक्षणांना १३.५ येते, म्हणून १३.

या मालिकेवर लॅग बदलले की चाचणीचे मूल्य असे सरकते: ० लॅगला −५.२४, १ ला −३.८६, ३ ला −२.९५, ६ ला −२.७१, १३ ला −२.०२. लॅग निवडण्याच्या दोन प्रचलित निकषांपैकी बीआयसी १ निवडतो, एआयसी ३. म्हणजे निकष बदलला की निकालही उलटतो, कारण −३.८६ नाकारते आणि −२.९५ नाकारत नाही. तिढा अवशेषांनी सोडवायचा. १ लॅग ठेवून अवशेषांवर १२ महिन्यांची ल्युंग-बॉक्स चाचणी केली तर पी-मूल्य ०.००८ येते, म्हणजे स्वसहसंबंध उरला आहे. ३ लॅगवर तेच ०.३७ होते. म्हणून ३. तेरापर्यंत जाण्यात अर्थ नाही: प्रत्येक जास्तीचा लॅग एक निरीक्षण खातो आणि एक सहगुणक वाढवतो, मग खरोखर स्थिर असलेली मालिकाही चाचणीला ओळखता येत नाही.

बदलांचा स्वसहसंबंध ठळकपणे ऋण असेल तर एआयसीसुद्धा लॅग कमी सांगतो. अशा वेळी आम्ही एनजी आणि पेरॉन यांचा २००१ मधला सुधारित निकष वापरतो.

आता तक्ता

खालचा तक्ता R मधल्या urca पॅकेजच्या `ur.df` चा आहे. `selectlags` वापरून लॅग निवडले की ते कमाल लॅगइतकी निरीक्षणे सुरुवातीलाच सोडून देते. म्हणून ३ हा आकडा ठरल्यावर तो थेट देऊन चाचणी पुन्हा चालवावी.

```
summary(ur.df(log(y), type = "trend", lags = 3))

            Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept)  0.41270   0.13910   2.967   0.0035
z.lag.1     -0.09120   0.03090  -2.951   0.0037
tt           0.00039   0.00014   2.786   0.0060
z.diff.lag1 -0.33800   0.08360  -4.043   0.0001
z.diff.lag2 -0.21450   0.08580  -2.500   0.0135
z.diff.lag3 -0.19850   0.08110  -2.448   0.0155

Value of test-statistic is: -2.951 5.87 4.41

      1pct  5pct 10pct
tau3 -3.99 -3.43 -3.13
phi2  6.22  4.75  4.07
phi3  8.43  6.49  5.47
```

`z.lag.1` म्हणजे मागच्या महिन्याच्या पातळीचा सहगुणक. त्याच्या ओळीतला ०.००३७ हा नेहमीच्या टी-वितरणातून काढलेला आहे. युनिट रूट असताना हे मूल्य त्या वितरणाने चालत नाही, बरेच डावीकडे झुकते. म्हणून −२.९५१ ची तुलना खालच्या `tau3` शी करायची. −३.४३ पेक्षा ते लहान नाही, −३.१३ पेक्षाही नाही. युनिट रूट नाकारता येत नाही. `tt` म्हणजे कल; त्यासमोरच्या ०.००६० वरून “कल सिद्ध झाला” असे म्हणणे ही तीच चूक. `z.diff.lag` च्या ओळी मात्र नेहमीसारख्या वाचता येतात. शेवटचा लॅग ०.०१५५ वर ठळक आहे, म्हणजे तो काढू नये.

उरलेले दोन आकडे एकत्रित चाचण्यांचे. `phi3` विचारते, युनिट रूट आहे आणि कल नाही, हे दोन्ही एकदम मान्य होते का? ४.४१ हे ६.४९ पेक्षा कमी, म्हणून नाकारत नाही. `phi2` त्यात स्थिर पदही शून्य धरते. ५.८७ हे ४.७५ पेक्षा जास्त, म्हणून ५ टक्क्यांवर नाकारते, १ टक्क्यावर नाही. तिन्ही एकत्र वाचले की चित्र जुळते: युनिट रूट आहे आणि सोबत ड्रिफ्टही, म्हणजे दर महिन्याच्या बदलाची शून्य नसलेली सरासरीही, आहे, म्हणजे आलेखातला चढ ड्रिफ्टने येतो, ठरीव कलाने नाही.

पुढची पायरी म्हणजे फरक घेऊन तीच चाचणी. फरक घेतल्यावर चढ उरत नाही, म्हणून `type = "drift"`. मूल्य −८.९ येते आणि `tau2` ची १ टक्क्याची मर्यादा −३.४६ आहे. एकदा फरक घेणे पुरते.

तुमच्याकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे उत्तर आले, तर आधी त्याचे डिफॉल्ट पाहा. Python च्या statsmodels मधले `adfuller` काही न सांगितल्यास फक्त स्थिर पद घेते. R च्या tseries मधले `adf.test` नेहमी कल घेते आणि लॅग निरीक्षणांच्या संख्येवरूनच ठरवते, १६० ला ५. `ur.df` चे डिफॉल्ट तर स्थिर पद आणि कल दोन्ही वगळून १ लॅग घेते.

मालिका पाठवताना मोजणीची पद्धत कधी बदलली असेल तर तो महिना आवर्जून कळवा. पातळीत एकदाच पडलेली पायरी कलाभोवती स्थिर मालिकेलाही युनिट रूटचे रूप देते. पेरॉन यांनी १९८९ मध्ये हे दाखवले. लॅग कितीही नीट निवडले तरी तो दोष जात नाही. त्यासाठी अशी पायरी गृहीत धरणारी वेगळी चाचणी लावावी लागते.