बँकेला सलग सुट्ट्या आल्या की सप्लायरला पाठवायची नोटीस: काय बदलायचं आणि का

भोसरी-चाकण भागातल्या आपल्या बऱ्याच ग्राहकांकडून दिवाळीच्या तोंडावर सप्लायर्सना एक ठरलेली नोटीस जाते, "बँकांना सलग सुट्ट्या असल्याने पेमेंटला विलंब होऊ शकतो, कृपया सहकार्य करावे." तुमची बिलं आणि पेमेंट फाइल आम्ही बघतो, त्यामुळे या नोटीसनंतरचे फोनही आमच्याकडेच येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, माझे पैसे नक्की कधी जमा होणार? त्यालाही त्याच्या कामगारांना पगार-बोनस द्यायचाय हो, "होऊ शकतो" या शब्दांवर तो कसं नियोजन करणार. म्हणून ही नोटीस नव्यानं लिहायची आहे, यावर्षी सगळ्यांनी.

पहिली अडचण म्हणजे त्या नोटीसमधलं कारणच अर्धवट आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू असतं, रविवारीसुद्धा. सप्लायरच्या मोबाईलवर सणाच्या दिवशी दुसऱ्या पार्टीचे पैसे आल्याचा मेसेज येतो आणि तुमची नोटीस सांगते बँक बंद आहे, मग त्याला वाटणारच की हे पैसे दाबून ठेवतायत. सुट्टीत खरोखर थांबतं ते वेगळंच. चेक क्लिअरिंग थांबतं. शाखेत चेक आणि फॉर्म देऊन आरटीजीएस करता ते थांबतं, कारण काउंटरलाच कोणी नसतं. आणि सगळ्यात जास्त थांबतं आपल्याकडचं काम, म्हणजे स्टोअरवाल्याची जीआरएन, बिलाची तपासणी, आणि नेटबँकिंगला एकानं एंट्री केली की दुसऱ्यानं द्यायचं अप्रूव्हल, तो दुसरा माणूस गावाला गेलेला असतो. हे सरळ लिहिलं तर कोणी वाईट मानत नाही, उलट विश्वास बसतो.

आता एक उदाहरण धरू. गुरुवार-शुक्रवार सणाची सुट्टी, शनिवार महिन्यातला दुसरा म्हणून बँक बंद, मग रविवार. फास्टनरवाल्याचं १,८४,५०० रुपयांचं बिल शुक्रवारी ड्यू आहे. बिल आणि चलन मंगळवारी संध्याकाळपर्यंत हातात आलं तर बुधवारी सकाळी जीआरएनशी जुळवून दुपारी अप्रूव्हल होतं आणि एनईएफटी बुधवारीच सुटतं. एनईएफटीच्या बॅच दर अर्ध्या तासानं असतात आणि बॅच सेटल झाल्यावर समोरच्या बँकेनं दोन तासांत पैसे जमा करायचे असतात, त्यामुळे रात्रीपर्यंत त्याचं काम झालेलं असतं, ड्यू तारखेच्या दोन दिवस आधी. पण तेच बिल बुधवारी चार वाजता आलं तर स्टोअर आवरायच्या गडबडीत ते टेबलावर पडून राहतं, सोमवारी तपासणी, मंगळवारी अप्रूव्हल, मंगळवारी संध्याकाळी पैसे. एका दिवसाच्या उशिरानं सहा दिवसांचा फरक पडला, आणि बँकेचा त्यात काहीच हात नाही. सप्लायरला हा फरक आधी कळला तर तो मंगळवारी स्वतः माणूस पाठवून बिल पोचवेल.

चेकवाल्यांचं जरा वेगळं आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर क्लिअरिंगला जात राहतात, पूर्वीसारखं एकगठ्ठा नाही, त्यामुळे कामाच्या दिवशी वेळेत भरलेला चेक बऱ्यापैकी लवकर पास होतो. पण शाखेची चेक घ्यायची वेळ बुधवारी चुकली की तो सोमवारपर्यंत तिथेच पडून. म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी कोणाला चेक देऊच नका, शक्य असेल तिथे खातं नंबर घेऊन नेटनं सोडा.

आता आम्ही सुचवतो ती नोटीस बघा, तारखा तुमच्या तुम्ही भरा:

"नमस्कार. गुरुवार ते रविवार आमचं ऑफिस आणि स्टोअर बंद राहील. मंगळवार संध्याकाळी ५ पर्यंत बिल, चलन आणि लागत असेल तिथे टेस्ट सर्टिफिकेट आमच्याकडे पोचलं आणि माल पास झालेला असेल, तर पैसे बुधवारी रात्रीपर्यंत आपल्या खात्यात जमा होतील. त्यानंतर आलेली बिलं सोमवारी तपासायला घेऊ, त्यांचे पैसे मंगळवारी संध्याकाळी सुटतील. या काळात चेक दिले जाणार नाहीत. पैसे सुटले की यूटीआर नंबर व्हॉट्सअॅपवर पाठवू. आपलं खातं किंवा आयएफएससी बदललं असेल तर सुट्टीआधीच्या सोमवारपर्यंत लेटरहेडवर कळवा. सुट्टीत अडचण आली तर या नंबरवर फोन करा."

शेवटच्या वाक्यात एका खऱ्या माणसाचं नाव आणि नंबर टाका, आणि तो माणूस सुट्टीत फोन उचलेल हे आधी त्याला विचारून घ्या. लेटरहेडवर खातं कळवलं तरी जुन्या ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय बदल करू नका, सुट्टीच्या घाईत खोट्या मेलवरून खातं बदलून पैसे भलतीकडे गेल्याचे प्रकार होतात. शिवाय नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका सुरुवातीला काही तास मोठी रक्कम सोडू देत नाहीत, म्हणून बुधवारी दुपारी जोडून चालत नाही.

काही जण म्हणतात आम्ही पेमेंट शुक्रवारच्या तारखेला शेड्यूल करून ठेवतो. चालेल, पण त्यादिवशी खात्यात बॅलन्स हवा. तुमच्या कस्टमरचा चेक गुरुवारी पास होईल या भरवशावर शेड्यूल केलं असेल तर तो पास होणारच नाही, पेमेंट फेल होईल, आणि कॅश क्रेडिटची लिमिट वाढवून द्यायला शाखेत कोणी सापडणार नाही. शेड्यूल करायचंच तर बुधवारी दिसणाऱ्या बॅलन्सवरच करा.

काही छोट्या सप्लायर्सचं खातं पतसंस्थेत असतं. तिथे पैसे आधी संस्थेच्या बँकखात्यात येतात आणि मग संस्थेचा माणूस त्यांच्या खात्यात टाकतो, असं काही ठिकाणी असतं. आपल्याकडून बुधवारी सुटले तरी त्याला संस्था उघडल्यावरच दिसतील. अशांची यादी काढून त्यांचे पैसे सुट्टीआधीच्या सोमवारी-मंगळवारीच सोडा आणि नोटीसबरोबर एक फोनही करा.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. सप्लायर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवस आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. सुट्टी होती म्हणून दिवस वाढवून मिळतील असं धरून बसू नका. ज्यांची मुदत गुरुवार ते मंगळवार या दिवसांत संपते ती बिलं आधी वेगळी काढा, ती बुधवारच्या फाइलमध्ये गेलीच पाहिजेत.

नोटीस सुट्टीच्या किमान आठ दिवस आधी पाठवा, मराठीत आणि परप्रांतातल्या सप्लायर्सना हिंदीत, कारण गुजरात-कर्नाटकात त्यादिवशी बँक चालूही असू शकते आणि त्यांना आपल्या सुट्ट्या माहीत नसतात. बुधवारच्या फाइलमध्ये कोणाकोणाची बिलं घ्यायची ती यादी आम्हाला मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत मेल करा, त्यापुढे आलेली नावं सुट्टीनंतरच्या मंगळवारच्या फाइलमध्ये जातील.