आवाज चढवणं वेगळं, पट्टी चढवणं वेगळं

नागरी परिसंस्थेच्या वर्गात दरवर्षी एक वाक्य हमखास लिहून येतं: "रहदारीमुळे शहरातले पक्षी वरच्या आवाजात गातात." मी समासात लिहितो, "म्हणजे नेमकं काय?" दोष काही अंशी आपल्या भाषेचाही आहे. "आवाज चढवला" म्हणजे मोठ्याने बोलला, आणि "चढ्या पट्टीत" म्हणजे खरं तर उंच स्वरात, पण भांडण सांगताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. पेटीपुढे बसलेल्या माणसाचा हा घोळ होत नाही. काळी दोन सोडून काळी चार धरली की पट्टी बदलते. भाता जोरात मारला की तोच स्वर मोठा होतो. पहिली गोष्ट हर्ट्झमध्ये मोजतात, दुसरी डेसिबलमध्ये.

मोठ्याने गाण्याची बाजू तुम्हाला ठाऊकच आहे, लग्नाच्या मांडवात बँडशेजारी उभं राहून कुणाशी बोललात तर. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये नोंदवला म्हणून. तो बराचसा आपोआप होतो, कोंबड्यांतही दिसतो. हेन्रिक ब्रुम यांनी 2004 मध्ये बर्लिनच्या नाइटिंगेलवर तो प्रत्यक्ष रस्त्याकाठी मोजला. गोंगाटाच्या जागचे नर जास्त जोरात गात होते, आणि कामाच्या दिवशी सकाळी शनिवार-रविवारपेक्षा जास्त जोरात. (नाइटिंगेलचं भाषांतर "बुलबुल" करणाऱ्यांना हात जोडून विनंती: तो बुलबुल नव्हे.)

पट्टीची गोष्ट लायडनची. 2003 मध्ये हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ग्रीट पेट यांनी या डच शहरातल्या 32 ग्रेट टिट नरांची गाणी ध्वनिमुद्रित केली. ज्याच्या हद्दीत गोंगाट जास्त, त्याच्या गाण्यातला सर्वांत खालचा स्वर जास्त उंच, असं निघालं. कारण सरळ आहे. इंजिन आणि टायरच्या आवाजाची बरीचशी ताकद 2 किलोहर्ट्झच्या खाली असते, म्हणून गाण्याचा खालचा भाग आधी बुडतो.

इथवर सोपं आहे. घोळ पुढे होतो. "लायडनचा टिट पट्टी चढवतो" हे ऐकून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं की पक्षी तेच गाणं उचलून वर नेतो, गवई काळी एकवरून काळी तीनवर जातो तसं. तसं असायलाच हवं असं नाही. ग्रेट टिटच्या नराकडे अनेक ठरीव गाणी असतात, काही खालच्या स्वरांची, काही वरच्या. स्लाबेकोर्न यांनी पुढे वाउटर हाल्फवेर्क यांच्यासोबत नरांना रहदारीसारखा खालच्या स्वरांचा गोंगाट ऐकवला, तेव्हा वरच्या स्वरांची गाणी नरांनी जास्त वेळ लावून धरली. म्हणजे निदान इथे तरी बदल पट्टीचा कमी आणि चिजेच्या निवडीचा जास्त. आणि हा बदल काही मिनिटांतला आहे, त्याला पिढ्या लागत नाहीत. त्यामुळे "शहरी पक्षी उत्क्रांत झाले" हे वाक्य लायडनच्या आधारावर लिहू नका.

दुसरा गुंता त्याहून खोल. मोठा आवाज आणि उंच स्वर एकमेकांपासून पूर्ण सुटे नसतात. ब्लॅकबर्ड (आपल्या कस्तुराच्या कुळातला) उंच स्वर मुळातच जास्त जोरात काढतो. एर्विन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हे दाखवलं आणि शंका मांडली की शहरातला ब्लॅकबर्ड उंच स्वर पकडतो तो गोंगाटाच्या वर निघायला नव्हे, तर ते स्वर जोरात निघतात म्हणून. मला हे पटतं, कारण हिशेब त्याच बाजूला झुकतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. समजा एका नराचं गाणं 100 मीटरपर्यंत पोचतं. गोंगाट 6 डेसिबलने वाढला की ते 50 मीटरवर येतं, आणि ऐकू येण्याचं क्षेत्र चौथ्या हिश्श्यावर. नर 6 डेसिबलने जोरात गायला की सगळं परत मिळालं. स्वर थोडा उंच केल्याने मात्र तुटपुंजं मिळतं, शिवाय झाडाझुडपांत उंच स्वर लवकर विरतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते: मोजणी. प्रकल्प करणारे विद्यार्थी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणता स्वर किती उंच होता ते दाखवणारं चित्र, उघडतात, गाण्याची सर्वांत खालची रेघ डोळ्यांनी बघतात, तिथे कर्सर ठेवतात आणि आकडा उतरवतात. समजा गाण्यात 2.4 किलोहर्ट्झचा एक हळू स्वर आहे आणि 4 चा एक मोठा. बागेत दोन्ही रेघा दिसतात, तुम्ही 2.4 लिहिता. तोच पक्षी, तेच गाणं, पण उड्डाणपुलाशेजारी: खालचा भाग गोंगाटाने करडा झालेला, हळू स्वराची रेघ त्यात बुडालेली. तुम्ही 4 लिहिता. पक्ष्याने काहीही केलेलं नाही, पट्टी तुम्ही चढवलीत. ब्रुम आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की अशा मोजणीतून नसलेला बदल दिसू शकतो. पडताळा घरबसल्या होतो: शांत जागेच्या मुद्रणात संगणकावर रहदारीचा आवाज मिसळा आणि पुन्हा मोजा. आकडा वर सरकला, तर तुमची पद्धत खोटी आहे. डोळ्यांऐवजी सर्वांत जोरदार स्वरापासून ठरावीक डेसिबल खालची रेषा धरून मोजणं बरं, पण तेही ती रेषा गोंगाटाच्या वर असेल तरच.

आवाजाच्या जोराचं दुखणं उलटं आहे, तो नुसत्या मुद्रणातून कळतच नाही. मुद्रण किती जोरात उतरवायचं ते ठरवणारा गेन फोन स्वतःहून कमीजास्त करतो. पक्षी 5 मीटरऐवजी 10 मीटरवर असला की 6 डेसिबल गेले, आणि त्याने तोंड फिरवलं की आणखी काही. अंतर मोजलेलं नसेल, पक्ष्याचं तोंड कुठे होतं ते लिहिलेलं नसेल आणि ध्वनिमापक हातात नसेल, तर अहवालात "मोठ्याने" हा शब्द नको.

शेफील्डचे रॉबिन दिवसाचा गोंगाट टाळून रात्री गातात, ही वेळ बदलण्याची तिसरीच तऱ्हा.

2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईत ज्याच्या-त्याच्या तोंडी होतं, "पक्षी किती मोठ्याने गायला लागलेत!" सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोंवर एलिझाबेथ डेरीबेरी आणि सहकाऱ्यांनी त्याच वसंतात नोंदी घेतल्या. रहदारी ओसरल्यावर ते पक्षी आधीपेक्षा हळू गात होते, आणि तरी त्यांचं गाणं जास्त लांबवर ऐकू जात होतं.